सही आजीची, होकार कुणाचा?

शाळेने चिठ्ठी देऊन पाठवलेले मूल वर्ध्यातल्या किंवा सेवाग्राम-सावंगीच्या बाह्यरुग्ण विभागात येते तेव्हा सोबत बहुधा आई-वडील नसतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. कारंजा तालुक्यातला अकरा वर्षांचा, पाचवीतला मुलगा. वाचताना अडखळतो, म्हणून गुरुजींनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवला. आई-वडील वीटभट्टीवर, सोबत आजी. संमतीपत्रावर आजीचा अंगठा उमटतो आणि दहा मिनिटांत चाचणी सुरू होते. मुलाला एवढेच सांगितलेले असते, की 'डॉक्टरकडे जाऊन येऊ'. या प्रसंगात दोन चुका आहेत. पहिली बहुतेकांच्या लक्षात येते. दुसरी अहवालात उतरते, आणि तिथे ती कुणाला दिसत नाही.

पहिली चूक कायद्याची. अठरा वर्षांखालील मूल कायद्याने अज्ञान, आणि आई-वडील हयात असताना आजी केवळ जवळची आहे म्हणून पालक ठरत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्येही अज्ञान मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे साधारणपणे त्याचा कायदेशीर पालकच. वाचनाच्या चाचणीला निकड नसते. तेव्हा आई-वडिलांपैकी एकाला फोन लावावा, चाचणी कशासाठी, किती वेळ, निकालाचे काय होणार हे सांगावे, बोलणे तारखेसह नोंदवावे आणि ते गावी येतील त्या दिवशी चाचणी ठेवून सही घ्यावी. तोवर आजीकडून बाळपणाचा इतिहास आणि शाळेतून वह्या मिळवता येतात. तो वेळ वाया जात नाही.

दुसरी चूक मुलाच्या होकाराची, आणि आमचा मुद्दा हाच आहे: होकार हा शिष्टाचार नव्हे, तो मापनाचा भाग आहे. बुद्ध्यांकाची चाचणी असो वा वाचन-लेखनाची, 'मूल आपल्या परीने प्रयत्न करते आहे' हे गृहीत धरूनच तिचे गुण अर्थ देतात. आपल्याला 'मठ्ठ' ठरवायला आणले आहे, असे वाटणारा मुलगा प्रयत्न करीत नाही. सोप्या प्रश्नाला 'येत नाही' म्हणतो, मग अवघड प्रश्न अचानक सोडवतो. उत्तर देण्याआधी दाराकडे बघतो. वहीत जे शब्द नीट लिहिलेले आहेत तेच इथे चुकवतो. गुणांची अशी उलटसुलट मांडणी दिसली की आधी होकार तपासावा, क्षमता नंतर. नाहीतर अनिच्छेला बौद्धिक अक्षमतेचे नाव मिळते, आणि ते नाव शाळेच्या दप्तरात वर्षानुवर्षे राहते.

वयाप्रमाणे काय करावे, याची उपचारासाठी कायद्याने घालून दिलेली शिडी नाही. संशोधनासाठी मात्र आहे: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सात ते बारा वयाला तोंडी आणि बारा ते अठराला लेखी होकार सांगितला आहे. तीच शिडी उसनी घ्यायला हरकत नाही. सातच्या खाली शब्दांपेक्षा अंग बघावे. आईच्या पदराआड गेलेले मूल नाहीच म्हणत असते. आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्याच बोलीत सांगावे: 'सुई नाही टोचत, नापास नाही करत, वाचताना तुले कुठं अडते ते पाहाचं आहे, दमला तर सांगजो.' मग त्यालाच विचारावे, आज आपण काय करणार आहोत? उत्तर 'परीक्षा' असे आले तर पुन्हा समजवावे. चौदा वर्षांच्या मुलीला आणखी एक गोष्ट तिने बोलायला सुरुवात करण्याआधी सांगावी लागते: पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती आपल्याला पोलिसांना कळवावीच लागते. 'सगळे आपल्यातच राहील' हे वचन देऊन मग ते मोडले, तर तिचा आधीचा होकार फसवून घेतलेला ठरतो.

गर्दीत एवढा वेळ कुठला, हा आक्षेप खरा आहे. पण हे बोलणे पाच-सात मिनिटांचे. बिघडलेली चाचणी पुन्हा घेणे म्हणजे त्या कुटुंबाची आणखी एक एसटीची फेरी आणि बुडालेली मजुरी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मूल नाही म्हणाले तर? वाचनाची चाचणी असेल तर थांबावे, पुढची तारीख द्यावी, कारण विचारावे. पण जिवाला धोका असलेल्या मुलाला दाखल करायचेच असेल, तर 'तुला चालेल का?' असे विचारूच नये. ज्या नकाराला आपण मान देणार नाही, तो मागणे हे नाटक होय आणि मुले ते लगेच ओळखतात. तिथे निर्णय झाला आहे हे स्पष्ट सांगावे. निवड फक्त उरलेल्या गोष्टींत द्यावी: आत आधी कुणाशी बोलायचे, कोणती वस्तू जवळ ठेवायची.

वाचकांना एक विनंती. अहवालात पालकांच्या सहीखाली दोन ओळी वाढवा: मुलाला काय सांगितले, आणि तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत.