पत्ता बदलायला टाकलाय? ‘पेंडिंग’ म्हणून बसू नका, रिजेक्ट झालाय का ते आधी बघा

कर्जाची फाईल करायला घेतली की मी पहिला प्रश्न विचारतो, आधारवरचा पत्ता आणि बँकेतला पत्ता आत्ता राहता तोच आहे का? पुण्यात दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपतो आणि लोक घर बदलतात, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. “सर, टाकलंय बदलायला, प्रोसेसमध्ये आहे.” पुढचा प्रश्न असतो, शेवटचं कधी बघितलंत? इथे शांतता.

माझं स्पष्ट मत आहे. महिना उलटून गेला असेल तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं धरून चालू नका, अर्ज रिजेक्ट झालाय असं धरा आणि खात्री करायला स्वतः बघा. कारण नकार आला तर त्यासाठी कोणी तुमच्या दारात येत नाही. आधारचा एसएमएस येतो, पण तो लोनच्या जाहिराती आणि ओटीपींच्या ढिगात कुठेतरी खाली असतो. बँकेचं तर आणखी वेगळं. बँकेकडे अजून जुनाच पत्ता आहे, मग कळवलंच तर पत्र जाणार कुठे? जुन्या घरी.

एक उदाहरण घेऊ. समजा एक ताई आहेत, फराळाचा व्यवसाय. हडपसरहून (411028) धायरीला (411041) राहायला आल्या. दिवाळीच्या ऑर्डरी धरायच्या म्हणून मुद्रा शिशूमधून 50 हजारांपर्यंतचं कर्ज घ्यायचंय, चकलीचं मशीन आणि तेल-बेसनाचा माल भरायला. जुलैच्या 1 तारखेला त्यांनी myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून नवा पत्ता भरला, लिव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर्ड करार अपलोड केला, 75 रुपये भरले. एक SRN नंबर मिळाला. झालं काम, असं त्यांना वाटलं.

करार मात्र मिस्टरांच्या नावावर होता. त्यात ताईंचं नाव कुठेच नाही. कागदावर अर्जदाराचं नाव नसेल तर तो पत्ता त्या व्यक्तीचा आहे हे सिद्ध कसं होणार? समजा दहाव्या दिवशी अर्ज नाकारला गेला. ताईंनी बघितलं पंधरा ऑगस्टला, फाईल घेऊन शाखेत गेल्यावर. म्हणजे पस्तीस-छत्तीस दिवस फुकट गेले, आणि तेही सीझनच्या तोंडावर.

बघायचं कसं, तर त्याच साईटवर ‘Check Enrolment & Update Status’ आहे. तिथे SRN टाकायचा. केंद्रावर जाऊन अपडेट केलं असेल तर पावतीवरचा नोंदणी क्रमांक आणि त्याखालची तारीख-वेळ, दोन्ही लागतात. त्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. थर्मल कागद असेल तर छपाई पुसट होत जाते! नंबर हरवला तर 1947 वर फोन करता येतो. अपडेट झालंय असं दिसलं तरी ई-आधार डाउनलोड करून पत्ता डोळ्याने वाचा. फ्लॅट नंबर, विंग, पिनकोड, आणि मराठीतला पत्तासुद्धा. इंग्रजीत बरोबर आणि मराठीत काहीतरी भलतंच, असं होऊ शकतं.

आता ताईंनी काय करायचं? तोच करार पुन्हा अपलोड करून उपयोग नाही. पुन्हा फी जाईल आणि पुन्हा तेच उत्तर येईल. 2023 च्या जानेवारीपासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय आहे. नात्याचा पुरावा द्यायचा, इथे लग्नाचं प्रमाणपत्र, आणि मिस्टरांचा आधार नंबर टाकायचा. अर्ज गेला की मिस्टरांना मेसेज जातो आणि त्यांनी स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन 30 दिवसांत मंजुरी द्यायची असते. दिली नाही तर अर्ज आपोआप बंद, आणि फी परत मिळत नाही. मिस्टर कामाच्या गडबडीत मेसेज बघायचे विसरले की नवरा-बायको एकाच घरात बसून एकमेकांच्या मंजुरीची वाट बघणार!

यातही एक खाच आहे. या पद्धतीत कुटुंबप्रमुखाच्या आधारवर जो पत्ता आहे तोच तुम्हाला मिळतो. मिस्टरांच्या आधारवर अजून हडपसर असेल तर ताईंनाही हडपसरच मिळणार. म्हणून आधी मिस्टरांनी त्यांच्या नावाच्या करारावर स्वतःचा पत्ता बदलायचा, तो झाल्याचं ई-आधारवर बघायचं, आणि मग ताईंनी अर्ज करायचा. दोन अर्ज, एकामागून एक. यात सहज दोन महिने जाऊ शकतात, म्हणून पुढच्या वेळी करार करतानाच घरमालकाला सांगा, भाडेकरू म्हणून दोघांचीही नावं घाला. लाईट बिलाच्या भरवशावर राहू नका, ते बहुतेक मालकाच्याच नावावर असतं.

मग तोपर्यंत बँकेचं काम थांबवायचं का? अजिबात नाही, आणि इथेच लोक उगाच अडकून बसतात. आधार अपडेट झालं म्हणून बँकेतला पत्ता आपोआप बदलेल असं धरू नका, बँकेत वेगळं सांगावं लागतं. उलट रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत अशी सोय आहे की आधारवरचा पत्ता वेगळा असला तरी सध्याच्या पत्त्याचं स्वयंघोषणापत्र ग्राहक देऊ शकतो. काही शाखा वर पुरावा मागतात, त्यांच्या धोरणात तसं असेल तर मागू शकतात. पण “आधार बदलून आणा, मगच या” असं कोणी म्हणालं तर शांतपणे स्वयंघोषणापत्राबद्दल विचारा.

घोषणापत्र दिलं की संपलं नाही. केवायसी अद्ययावत करताना फक्त पत्ता बदलला असेल, तर तो दोन महिन्यांत पडताळायचा असतो. म्हणजे नव्या पत्त्यावर पत्र येईल, किंवा माणूस येईल. आता धायरीच्या मोठ्या सोसायटीत गेटवर बोर्डावर मालकाचं नाव, लेटर बॉक्सवर मालकाचं नाव. पोस्टमन विचारतो, वॉचमन म्हणतो “या नावाचं कोणी नाही”, आणि पत्र परत. पत्ता खरा असूनही पडताळणी फसली. एका कागदावर स्वतःचं नाव लिहून लेटर बॉक्सवर चिकटवा, वॉचमनला सांगून ठेवा.

बँकेकडून दोन गोष्टी हातात पाहिजेत. कागद दिले त्या दिवशीची तारखेसह पोच, आणि रेकॉर्ड बदलल्यावर तारखेसह सूचना. पहिली आहे आणि दुसरी नाही, म्हणजे पत्ता बदललेला नाही, काउंटरवरचे साहेब काहीही म्हणोत. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केला होता हेच सिद्ध करता येणार नाही. पोच असेल तर शाखेत लेखी तक्रार करा, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही मोफत.

ज्यांनी जूनच्या आधी पत्ता बदलायला टाकलाय त्यांनी फाईल घेऊन माझ्याकडे येण्याआधी SRN टाकून बघा, आणि त्या स्क्रीनचा फोटो बरोबर आणा.