वेबसाइटचे बिऱ्हाड हलवताना ईमेल कशी सांभाळावी?

आपल्या समाजात घरच्या घरी चालणाऱ्या छोट्या कंपन्या आता पुष्कळ आहेत. अशीच एक कंपनी डोळ्यांपुढे आणू. तीन भाऊ मसाले बनवतात आणि त्यांच्या ऑर्डरी ईमेलवर येतात. वेबसाइट आणि चार मेलबॉक्स एकाच होस्टिंगवर आहेत. नूतनीकरणाचे पैसे वाढले, म्हणून त्यांना दुसरीकडे जायचे आहे. नवी कंपनी सांगते, "फक्त नेमसर्व्हर बदला." वेबसाइटपुरते हे ठीक आहे, पण ऑर्डरीची ईमेल बुडते ती नेमकी इथेच.

नेमसर्व्हर म्हणजे आपल्या डोमेनच्या पत्त्यांची वही. वेबसाइट कुठे आहे, हे तिच्यातली A नोंद सांगते. टपाल कोणाकडे द्यायचे, हे MX नोंद सांगते. नेमसर्व्हर बदलला की वहीच बदलते. जुन्या वहीतले काहीही आपोआप नव्या वहीत येत नाही.

मग मेल येईनाशी कशी होते? टपाल नव्या सर्व्हरवर पोहोचते, पण तिथे orders नावाचा मेलबॉक्स उघडलेलाच नसतो. सर्व्हर 550 हा आकडा देऊन "असा कोणी नाही" म्हणतो आणि पत्र त्याच क्षणी परत जाते. त्यापेक्षा बंद पडलेला सर्व्हर परवडला, कारण तिथे पाठवणारा सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

म्हणून पहिले काम नव्या जागी. चारही मेलबॉक्स त्याच नावांनी आधी उघडावेत. जुन्या वहीतल्या सगळ्या नोंदी कागदावर उतरवून नव्या वहीत भराव्यात, मात्र सर्व्हरचे पत्ते नवे घालावेत. v=spf1 ने सुरू होणारी TXT नोंद विसरू नये. आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे, हे ती सांगते. तिच्यात नव्या सर्व्हरचा पत्ता नसेल, तर आपली उत्तरे ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातात. DKIM ची नोंद मात्र नवा सर्व्हर देईल तीच घालावी.

नवी वही लागू होण्याआधीच तपासता येते. नव्या नेमसर्व्हरला थेट विचारावे (नावे आपापली घालावीत):

```
nslookup -type=mx example.com ns1.example.net
```

उत्तरात योग्य MX दिसला तरच पुढे जावे.

आता मुख्य गोष्ट. .com डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, ही माहिती इंटरनेटवरची यंत्रे 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवसांपर्यंत लक्षात ठेवू शकतात. हा वेळ आपल्याला कमी करता येत नाही. या काळात काही जण जुनी वही वाचतात, काही नवी. दोन्ही वह्यांत वेगळे पत्ते असतील, तर निम्म्या ऑर्डरी एकीकडे आणि निम्म्या दुसरीकडे जातात.

यावर उपाय असा, की आधी जुन्या वहीतच नवे पत्ते लिहावेत. प्रत्येक नोंदीपुढे TTL असते, म्हणजे ती किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा. बहुधा तो 14400, म्हणजे चार तास असतो. एक दिवस आधी तो 300 करावा. मग शनिवारी रात्री जुन्या वहीतल्या A, MX आणि TXT नोंदी नव्या सर्व्हरच्या कराव्यात. बाहेरच्या खात्यातून चारही पत्त्यांवर एकेक पत्र पाठवून पाहावे. ती नव्या मेलबॉक्समध्ये पडली, की मगच नेमसर्व्हर बदलावेत. आता दोन्ही वह्या एकच उत्तर देतात. कोणी कोणतीही वाचली, तरी टपाल एकाच दारी येते.

जुनी पत्रे मात्र जुन्या सर्व्हरवरच राहतात. mail.example.com हे नाव आता नव्या सर्व्हरकडे नेते, त्यामुळे जुन्या सर्व्हरचे स्वतःचे नाव आधीच टिपून ठेवावे. ते वापरून एखाद्या मेल प्रोग्रामात दोन्ही खाती IMAP ने जोडावीत आणि पत्रे एकातून दुसऱ्यात ओढून न्यावीत.

जुने खाते लगेच बंद करू नये. निदान आठवडाभर त्यात रोज डोकावावे. उशिरा पोहोचलेली एखादी ऑर्डर तिथे सापडू शकते. त्या होस्टिंगची मुदत संपायला महिनाभर बाकी असतानाच हे काम काढावे, म्हणजे दोन्ही घरांच्या किल्ल्या काही दिवस आपल्याच हाती राहतात.

आणि नवी कंपनी फक्त वेबसाइटसाठी हवी असेल, मेल जुन्याच जागी राहणार असेल, तर नेमसर्व्हरला हातच लावू नये. वेबसाइटची A नोंद तेवढी बदलावी. पण आधी MX पाहावा. त्यात mail ऐवजी नुसते डोमेनचे नाव असेल, तर A बदलताच टपालही नव्या सर्व्हरकडे वळेल. अशा वेळी mail नावाची वेगळी A नोंद जुन्या सर्व्हरच्या पत्त्याने करून MX तिकडे वळवावा, आणि मगच वेबसाइट हलवावी.