शंभर टक्के भरले, तरी काम संपत नाही

'एका नॉमिनीचे निधन झाले तर त्याचा वाटा आपोआप दुसऱ्याला मिळतो' हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान ग्रॅच्युइटीच्या बाबतीत चूक आहे.

माझ्या एका सहकाऱ्याने नमुना 'एफ'मध्ये आई ४० टक्के आणि पत्नी ६० टक्के असे लिहिले होते. आई आधी गेली. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तिच्या ४० टक्क्यांचा हक्क पत्नीकडे न जाता सहकाऱ्याकडेच परत आला. त्याने नवा फॉर्म भरला नाही. त्याच्या पश्चात पत्नीला ६० टक्के लगेच मिळाले, उरलेल्या रकमेसाठी वारसांची कागदपत्रे जमवावी लागली.

लग्नाआधी, कायद्याच्या व्याख्येतले कुटुंब नसताना, भावाचे नाव घातले असेल, तर लग्नानंतर तो फॉर्म रद्दच ठरतो. अशा वेळी नव्वद दिवसांत नवा द्यायचा असतो.

साक्षीदारांबद्दलही एक सांगतो. दोघांनी कर्मचाऱ्याची सही प्रत्यक्ष पाहूनच सही करावी. कोऱ्या फॉर्मवर आधीच घेतलेल्या सह्या पुढे वादाला कारण होतात.

वाचकांनी आपला फॉर्म कार्यालयातून मागवून एकदा वाचावा आणि पोचेची प्रत घरी ठेवावी.

– एक निवृत्त आस्थापना लिपिक, पुणे