रंग जाणार, हे आधीच सांगा

उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’ची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. यूएसए म्हणजे म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी शून्यातून हे शहर आणि इथला धंदा उभा केला, पण त्या लेबलाच्या चेष्टेने इथल्या चांगल्या मालालाही नकली ठरवलं. आज अंबरनाथ-बदलापूरची तरुण मुलं इथल्या जीन्स फोनवरून विकतात, तेव्हा तेच लेबल नव्या शब्दांत परत येतं: ‘एक्सपोर्ट क्वालिटी, रंगाची १०० टक्के गॅरंटी’.

माझं मत स्पष्ट आहे. असा मजकूर माल विकत नाही, परत आणतो.

रंगाचंच घ्या. डेनिमचा निळा रंग म्हणजे इंडिगो. तो धाग्याच्या वरच्या थरात बसतो, आतला गाभा पांढराच राहतो. म्हणून जीन्स घासली जाते तिथे फिकी पडते. रंग जाणार नाही असं लिहिलं, तर पहिल्या धुण्यातच आपण खोटे ठरतो. आधी ओलं पांढरं फडकं कापडावर दहा वेळा घासून बघा. फडकं निळं झालं तर तसं लिहा.

दुसरी गोष्ट मापाची. लेबलवर ३२ असतं, पण पँट सपाट पसरून कंबर मोजली तर साडेसोळा इंच भरते, म्हणजे घेर ३३. गिऱ्हाइकाला लेबल नको, टेपचं माप हवं. त्याच घाणातली एक जीन्स तीनदा धुवा आणि आतली लांबी पुन्हा मोजा. ३० ची २९ झाली, तर तेही सांगा.

आता मजकूर असा होतो: ‘उल्हासनगरात शिवलेली गडद निळी जीन्स. कंबरेचा घेर ३३ इंच, आतली लांबी ३० इंच. तीन धुण्यांनंतर लांबी सुमारे १ इंच कमी होते. सुरुवातीला रंग सुटतो, वेगळी आणि उलटी करून धुवा. खिशांच्या टोकांना पक्के टाके, रोज कामावर घालण्याजोगी.’

यात कमीपणा कुठे आहे? आकडा वाचून गिऱ्हाईक घरची पँट मोजतं आणि ठरवतं. विकणाऱ्याने माल हातात घेऊन तपासलाय, हेही त्याला कळतं.

‘दिसायला झकास’ खुशाल लिहा, ते तुमचं मत आहे. पण तपासता येणारा प्रत्येक दावा सिद्ध करता आला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या धंद्याला त्याहून जवळचा फटका परतीच्या पार्सलचा. जाण्यायेण्याचं भाडं नफा खातं आणि वापरलेली जीन्स पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही.

आणि ‘मेड इन उल्हासनगर’ हे नाव लपवू नका. माप बरोबर निघालं, की त्याच नावावर दुसरी ऑर्डर येते.