महिन्याचे दहा हजार

ऑफिसात चहाच्या वेळी हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "आपलं ठरलेलं आहे बाबा, महिन्याला दहा हजार ऑप्शन्सला. गेले तर गेले!" म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान असतं, की जणू एलआयसीचा हप्ताच भरतोय.

माझा राग ऑप्शन्सवर नाही. मीही त्यात पैसे घालतो. राग आहे तो "बजेट" या शब्दाच्या फसवणुकीवर.

आमच्या एका मित्राचंही बजेट दहा हजारच होतं. ऑप्शन विकत घेतला तर जास्तीत जास्त भरलेला प्रीमियम जातो, इथपर्यंत ठीक. पण कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की घेणारा हरतो आणि विकणारा कमावतो. विकायला मार्जिन लागतं, काही लाखांचं. ते कुठून आणणार? तर अडीअडचणीसाठी ठेवलेले लिक्विड फंडाचे युनिट्स त्याने तारण ठेवले. "अरे, पैसे मोडलेत कुठे? नुसते गहाण आहेत," हे त्याचं म्हणणं.

३ जून २०२४ ला, निवडणूक निकालाच्या आदल्या दिवशी, त्याने निफ्टीचे २२,८०० चे पुट विकले. तेव्हा लॉट २५ चा होता. चार लॉट, म्हणजे शंभर. प्रत्येकी दीडशे रुपये, म्हणजे पंधरा हजार हातात. दुसऱ्या दिवशी निफ्टी १,३७९ अंकांनी पडून २१,८८४ वर बंद झाला, मधे तर त्याहूनही खाली गेला होता. हजारच्या आसपास भाव असताना तो कसाबसा बाहेर पडला. पंच्याऐंशी हजारांचा खड्डा! खात्यातले दहा हजार त्यात गेलेच, उरलेले पंच्याहत्तर हजार ब्रोकरने तारणातले युनिट्स विकून वसूल केले. बजेट दहा हजारांचं, जमा पंधरा हजारांची आणि नुकसान बजेटच्या साडेआठपट. मग बजेट नक्की कशाचं होतं?

म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच, की ठराविक रकमेचं बजेट फक्त विकत घेणाऱ्याला लागू पडतं. विकणाऱ्याने तो शब्द वापरूच नये.

पण नुसतं घेणाऱ्याचंही बजेट गळतं, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. २०२५ मधला माझाच एक महिना घ्या. निफ्टीचा लॉट तेव्हा ७५ चा होता. १२० रुपयांचा एक कॉल घेतला, ९,००० गेले. तो ५० वर आल्यावर विकला, ३,७५० परत आले. शिल्लक ४,७५०. आता एवढ्यात ६३ रुपयांपर्यंतचाच ऑप्शन बसतो. म्हणजे बाजाराबद्दल माझं मत काय, हा प्रश्नच संपला, परवडतं काय एवढाच उरला. ६३ चा घेतला, २० ला विकला. उरले पंधराशे. मग मंगळवारी, एक्स्पायरीच्या दुपारी, वीस रुपयांचा लांबचा कॉल. तो शून्यावर गेला, आणि मी "पुढच्या महिन्यातले आगाऊ" म्हणून पगाराच्या खात्यातून पाच हजार टाकले. यूपीआयने, अर्ध्या मिनिटात! (बायकोला हे अजून माहीत नाही. आता वाचेल.)

तिसरा सौदा मी निवडला नव्हता, उरलेल्या पैशांनी निवडला होता. म्हणून आता उरलेल्या रकमेत आधी मनात असलेला ऑप्शन येत नसेल, तर महिना संपला, मग पाच तारीख का असेना.

दुसरं, एक तारखेला मी दहा हजार 'टाकत' नाही, खात्यात दहा हजार 'होतील' एवढेच भरतो. चार उरले असतील तर सहा. तेरा झाले असतील तर वरचे तीन काढून घेतो, नाहीतर नफ्याच्या महिन्यानंतर एकाचे दोन लॉट कधी होतात ते कळत नाही.

आणि ब्रोकरकडे नोंदवलेलं बँक खातं पगाराचं नाही. ब्रोकर नोंदवलेल्या खात्यातूनच पैसे घेतो, तेव्हा एक रिकामं खातं नोंदवलं, की मधल्या रात्री हात पोचत नाही. म्युच्युअल फंडही त्या ब्रोकरकडे नाहीत. तारण ठेवायचं बटण समोर असलं, की ते एक दिवस दाबलं जातंच.

"एवढे सोपस्कार करण्यापेक्षा सोडून दे ना," असं कुणी म्हणेल. रास्त आहे. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते, आणि मीही त्यांच्यातच आहे. शिवाय हा तोटा पगारातून वजा करून करही वाचत नाही. हा माझा खर्च आहे, आणि तो मी खर्चाच्याच वहीत लिहितो, गुंतवणुकीच्या नाही.

असो. मित्राने युनिट्स सोडवून घेतले. परवा चहाला म्हणाला, आता बजेट पाच हजारांवर आणलंय.

"घेतोस की विकतोस?" मी विचारलं.

त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि विषय बदलला.