तीन ट्रेड, तीन चलनं... पण पैज एकच! करन्सी पेअर्समधला न दिसणारा धोका समजून घ्या

इंजिनीअरिंगला माझ्यासोबत असलेला एक मित्र सध्या दुबईत नोकरी करतो आणि फावल्या वेळात करन्सी ट्रेडिंग करतो. मध्यंतरी एका शुक्रवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'आज नशीबच फुटकं. तीन ट्रेड होते, तिन्ही उडाले.'

स्क्रीनशॉट बघितला. युरो-डॉलर खरेदी, पाउंड-डॉलर खरेदी आणि ऑस्ट्रेलियन डॉलर-अमेरिकन डॉलर खरेदी. दुबईच्या घड्याळात साडेचारला अमेरिकेतली रोजगाराची आकडेवारी आली, ती अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, डॉलर उसळला आणि तिन्ही स्टॉपलॉस काही मिनिटांत लागले.

मी त्याला म्हटलं, 'तुझे तीन ट्रेड नव्हतेच. एकच होता, तू तो तीनदा घेतलास.' त्याला ते पटायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास इथे लिहून काढतोय, कारण ही चूक नवखेच नाही, तर शिस्तीत ट्रेडिंग करणारेही करतात.

शिस्त होती, मग चुकलं काय?

मित्राच्या खात्यात १०,००० डॉलर होते. एका ट्रेडमध्ये खात्याच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे २०० डॉलरपेक्षा जास्त गमवायचे नाहीत, हा त्याचा नियम. त्याने तो काटेकोर पाळलाही होता.

युरो-डॉलरमध्ये ५०,००० युरोची खरेदी आणि ४० पिपचा स्टॉपलॉस. एवढ्या सौद्यात एका पिपला ५ डॉलर, म्हणून ४० पिपला २०० डॉलर. पाउंड-डॉलरमध्ये ४०,००० पाउंड आणि ५० पिपचा स्टॉपलॉस. एका पिपला ४ डॉलर, तोटा पुन्हा २०० डॉलर. ऑस्ट्रेलियन डॉलरचंही ५०,००० आणि ४० पिप, म्हणजे परत २०० डॉलर.

प्रत्येक ओळ वेगळी बघितली तर हिशेब चोख आहे. गडबड ओळींमध्ये नाही, बेरजेत आहे. करन्सी पेअर विकत घेणं म्हणजे एक चलन घेणं आणि दुसरं विकणं. मित्राने युरो घेतला तेव्हा डॉलर विकला. पाउंड घेतला तेव्हाही डॉलर विकला आणि ऑस्ट्रेलियन डॉलर घेतला तेव्हाही अमेरिकन डॉलरच विकला.

आता भाव साधारण १.१०, १.३० आणि ०.६६ धरा. युरोच्या सौद्यात ५५,००० डॉलर विकले गेले, पाउंडच्या सौद्यात ५२,००० आणि ऑस्ट्रेलियन डॉलरच्या सौद्यात ३३,०००. एकूण १,४०,००० डॉलर. म्हणजे १०,००० डॉलरच्या खात्यावर त्याने 'डॉलर पडणार' अशी खात्याच्या १४ पट मोठी पैज लावली होती. ॲपच्या पडद्यावर मात्र तीन छोट्या, शहाण्या ओळी दिसत होत्या.

कोरिलेशन म्हणजे नेमकं काय?

दोन गोष्टी किती सोबतीने हलतात, हे मोजणारा आकडा म्हणजे कोरिलेशन, मराठीत सहसंबंध. तो उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये असतो. अधिक १ म्हणजे दोन्ही कायम एकाच दिशेला, उणे १ म्हणजे कायम विरुद्ध दिशेला आणि शून्य म्हणजे एकमेकांशी देणंघेणं नाही.

मित्राच्या तीन सौद्यांचा आपसात काहीच संबंध नसता, तर तिघांचा मिळून धोका ६०० डॉलर झाला नसता. एक पडला तर दुसरा सावरतो, अशी शक्यता असते. अशा वेळी धोक्यांची सरळ बेरीज होत नाही. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं साधारण ३४६ डॉलर.

आता तिघांमध्ये ०.८ इतका सहसंबंध धरा. डॉलरच्या मोठ्या हालचालीच्या काळात अशा पेअर्समध्ये तो सहज दिसतो. तेव्हा हाच आकडा साधारण ५५९ डॉलर होतो. सहसंबंध पूर्ण १ असेल तर ६०० डॉलर. म्हणजे तीन वेगळे ट्रेड घेऊन धोका विभागला, असं आपण समजतो, पण विभागणीतून वाचतात जेमतेम ४० डॉलर. उरलेला धोका जवळपास तिप्पट होऊन तुमच्याच खात्यावर बसलेला असतो.

मोजतानाही एक सापळा आहे. सहसंबंध भावांवरून काढायचा नाही, रोजच्या टक्केवारीतल्या बदलावरून काढायचा. दोन भाव वर्षभर हळूहळू वर जात असतील, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतानाही भावांवरून काढलेला आकडा ०.९ येऊ शकतो. शिवाय २० दिवसांचा आकडा आणि वर्षभराचा आकडा खूप वेगळे असू शकतात. एखाद्या तक्त्यात नुसतं '०.८५' लिहिलं असेल आणि किती दिवसांवरून काढलं हे नसेल, तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

'मग उलट पेअर घेतो की!'

मित्राचा पुढचा प्रश्न हाच होता. उणे १ सहसंबंध असलेल्या दोन पेअर घेतल्या, तर एकीचा तोटा दुसरी भरून काढेल ना? याचं उत्तर १५ जानेवारी २०१५ या दिवसाने दिलं आहे.

त्याआधी सप्टेंबर २०११ पासून स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एक मर्यादा घालून ठेवली होती. एका युरोला किमान १.२० स्विस फ्रँक मिळतीलच, त्याखाली भाव जाऊ देणार नाही. त्यामुळे युरो-डॉलर आणि डॉलर-फ्रँक या दोन पेअर आरशातल्यासारख्या उलट हलत. कारण साधं होतं. या दोन भावांचा गुणाकार म्हणजेच युरो-फ्रँकचा भाव. तो १.२० च्या आसपास खिळलेला असेल, तर एक भाव वाढल्यावर दुसरा घटणारच.

ज्याने या दोन्ही पेअर विकत घेतल्या, त्याला वाटत होतं आपण सुरक्षित आहोत. दोन सौद्यांतले डॉलर एकमेकांना कापत होते. पण मग हातात काय उरलं? युरो घेतलेला आणि फ्रँक विकलेला. म्हणजे त्याच्याही नकळत त्याची पैज एवढीच होती, की ती बँक आपला शब्द पाळेल.

त्या दिवशी बँकेने कुठलीही पूर्वसूचना न देता मर्यादा काढून टाकली. काही मिनिटांत युरो-फ्रँकचा भाव १ च्या खाली गेला. डॉलर-फ्रँक कोसळला आणि युरो-डॉलरही खाली आला. 'एकमेकींना सांभाळणाऱ्या' दोन्ही पेअर एकाच दिवशी तोट्यात गेल्या. मधल्या भावांना खरेदीदारच नव्हते, त्यामुळे स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला लागलेच नाहीत. ब्रिटनमधली अल्पारी ही ब्रोकर कंपनी दिवाळखोरीत गेली. एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरच्या ग्राहकांच्या खात्यांवर मिळून सुमारे २२.५ कोटी डॉलरची उणे शिल्लक उरली.

सहसंबंध हा कालचा हिशेब असतो. तो ज्या कारणावर उभा आहे ते कारण गेलं, की आकडा एका क्षणात खोटा ठरतो. म्हणून आकडा बघण्याआधी त्यामागचं कारण बघायला हवं.

रुपयाच्या पेअर्सचं काय?

आपल्याकडे एक्स्चेंजवर डॉलर, युरो, पाउंड आणि येन यांचे रुपयातले सौदे होतात. डॉलर-रुपया, युरो-रुपया आणि पाउंड-रुपया या तिन्ही विकत घेणाऱ्याने तीन परकी चलनं घेतली असं वाटतं. प्रत्यक्षात त्याने रुपया तीनदा विकला आहे.

युरो-रुपयात आणखी एक पदर आहे. हा भाव म्हणजे युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया यांचा गुणाकार. डॉलर-रुपया एरवी संथ असतो, युरो-डॉलर जास्त हलतो. त्यामुळे युरो-रुपया आणि पाउंड-रुपया दोन्ही धरून बसलेला माणूस रुपयाकडे डोळे लावून बसतो आणि त्याचं नफा-नुकसान बऱ्याचदा अमेरिकेतली बातमी ठरवून जाते.

कायद्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार एक्स्चेंजवर रुपयाचे असे सौदे करायला खरा परकीय चलनाचा व्यवहार पाठीशी असावा लागतो. १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत, पण व्यवहार असावाच लागतो. आणि परदेशी ॲपवर युरो-येनसारखे सौदे करायला भारतात राहणाऱ्यांना परवानगी नाही. अनधिकृत प्लॅटफॉर्मची सतर्कता यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

मग करायचं काय?

कागद घ्या. पेअरची नावं लिहू नका, चलनांची नावं लिहा. प्रत्येक सौद्यातून कोणतं चलन किती आलं आणि कोणतं किती गेलं, ते त्या-त्या नावापुढे मांडा आणि बेरीज करा. मित्राच्या कागदावर डॉलरपुढे उणे १,४०,००० आलं असतं. ते डोळ्यांनी दिसल्यावर त्याने तिन्ही सौदे त्या आकारात घेतले नसते.

दुसरी पायरी, मर्यादा ट्रेडवर नको, पैजेवर ठेवा. डॉलर पडेल असं वाटतंय ना? मग त्या एका मतासाठी एकूण २०० डॉलर. तीन पेअर घ्यायच्या असतील, तर प्रत्येकीला साधारण ६७ डॉलर. ०.८ च्या सहसंबंधाचं गणित बारकाईने केलं तर ७२ च्या आसपास येतात. पाच डॉलरसाठी एवढं डोकं लावण्यापेक्षा सरळ तीनने भागा.

या कागदालाही मर्यादा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे डॉलर त्यावर वेगवेगळ्या ओळीत दिसतील, पण दोघांवर चीनच्या मागणीचा परिणाम होतो, म्हणून ते बरेचदा सोबत हलतात. अशी भावंडं एकाच ओळीत धरलेली बरी.

माझं मत विचाराल, तर सगळा दोष ट्रेडरचा नाही. ट्रेडिंग ॲप प्रत्येक पेअरचा नफा-तोटा पैशापैशाने दाखवतं, पण 'तुम्ही एकूण इतका डॉलर विकला आहे' ही एक ओळ अनेकदा दाखवत नाही. ती काढायला लागणारी सगळी माहिती त्याच्याकडे असते आणि गणित आठवीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं असतं. ही ओळ पहिल्या स्क्रीनवर असणं बंधनकारक करायला हवं.

मित्राने आता एक्सेल शीट केली आहे. परवा त्याचा मेसेज आला, 'चार पेअर बघत होतो. शीटमध्ये टाकल्या, तर चारही येन विकतायत. एकच घेतली.'