"सर, तिने माझी रील उचलली!" – थांबा, आधी नक्की काय उचललं ते बघू



मागच्या दिवाळीच्या साधारण दीड महिना आधीची गोष्ट. रात्री पावणेअकराला नाशिकच्या एका ताईंचा फोन आला. ताई घरगुती गोडा मसाला आणि मेतकूट विकतात, माझ्या एका बॅचला होत्या. आवाज कापत होता. "सर, एका बाईंनी माझं सगळं उचललंय. तीच कढई, तेच बोलणं, सगळं तेच! मी व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवलाय, नाव घेऊन. फक्त टाकायचा बाकी आहे."

मी म्हटलं, "ताई, टाकू नका. सकाळी दहाला बोलू. आणि तोपर्यंत त्या बाईंना मेसेजसुद्धा करू नका."

ताईंना ते आवडलं नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही आवडणार नाही, कारण आपल्याकडे "शांत राहा" म्हटलं की "गप्प बसा" असंच ऐकू येतं. पण मेसेज करू नका म्हणण्यामागे साधं कारण होतं. समोरच्याला कळलं की तो पोस्ट डिलीट करतो, पेजचं नाव बदलतो, आणि मग आपल्या हातात फक्त राग उरतो. पहिल्या रात्रीचं काम एकच. समोरच्याचं पेज उघडून स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं, त्यात पेजचं नाव, पोस्टची लिंक आणि तारीख दिसली पाहिजे. लिंका एका वहीत किंवा शीटमध्ये उतरवून ठेवायच्या. बस्स. मग झोपायचं.

सकाळी आम्ही दोघांनी त्या बाईंच्या अकरा रील्स एकेक करून पाहिल्या. ताईंच्या मते अकराच्या अकरा चोरीच्या होत्या. माझं मत पाहता पाहता बदलत गेलं.

आठ रील्समध्ये काय होतं? चेहरा न दाखवता फक्त हात आणि कढई. दगडफूल, नागकेशर, बदामफूल एकेक करून कढईत पडतंय. मागे खलबत्त्याचा आवाज. शेवटी हिरव्या झाकणाचा डबा. ताईंची पद्धत अगदी हीच. पण हात त्या बाईंचे होते, कढई त्यांची, शूटिंग त्यांचं. मी ताईंना विचारलं, "चेहरा न दाखवता नुसते हात दाखवायची आयडिया तुम्हाला कुठून सुचली?" जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "ते कोरियन बायकांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ असतात ना, त्यातून." आम्ही दोघं हसलो. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो ती कल्पना तुम्ही प्रत्यक्ष ज्या रूपात मांडली त्यावर. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे आर. जी. आनंद यांचा खटला. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं. 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला, असं त्यांचं म्हणणं. दोन्हीकडे विषय एकच, प्रांताप्रांतातला दुरावा आणि त्यात अडकलेलं लग्न. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये कोर्टाने सांगितलं की विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, त्यामुळे ही नक्कल ठरत नाही. आता सांगा, अख्ख्या नाटकाच्या लेखकाला तिथे दाद मिळाली नाही, तर कढईच्या कॅमेरा अँगलवर आपण काय दावा सांगणार? मसाल्यात काय काय पडतं ती यादीसुद्धा यात बसत नाही. तुमच्या आजीचं प्रमाण असलं तरी नाही.

म्हणून त्या आठ रील्स आम्ही बाजूला ठेवल्या. ताईंना जड गेलं. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. श्रेय न देता कुणी आपली पद्धत घेतो तेव्हा दुखतंच. पण जे दुखतं ते सगळं तक्रारीत बसत नाही.

उरलेल्या तीन रील्सची गोष्ट वेगळी होती. दोनमध्ये दगडफूल भाजतानाचा तुकडा चक्क ताईंचाच होता. कसं कळलं? ताईंच्या कढईच्या एका कानाला पोचा आहे आणि त्यांच्या बोटात चांदीचं वळं असतं. फ्रेम थांबवून पाहिलं तर पोचाही दिसला, वळंही दिसलं. खालच्या कोपऱ्यातलं ताईंचं नाव जावं म्हणून चित्र झूम करून कापलं होतं. तिसऱ्या रीलचं शूटिंग त्यांचं, पण खालचा मजकूर ताईंनी लिहिलेला परिच्छेद, शब्दन् शब्द. "कोथिंबिर" ही ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा तशीच! चूक कॉपी होणं याच्याइतका चांगला पुरावा नाही, मंडळी.

हे मात्र खरंच आपलं आहे. आपण शूट केलेला व्हिडिओ, काढलेला फोटो, लिहिलेला मजकूर यावर कॉपीराइट आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. फोटोग्राफरला पैसे देऊन काम करून घेतलं असेल तरी सर्वसाधारणपणे हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. अर्थात वेगळं काही लिहून दिलं असेल तर ते बघावं लागतं.

फक्त मूळ फाइल हवी. इथे बरेच लोक अडकतात. रील टाकली की फोन भरलाय म्हणून मूळ क्लिप डिलीट! किंवा "माझ्याकडे आहे की सर, व्हॉट्सअ‍ॅपवर" म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी पाठवलेली क्लिप लहान होते आणि तिच्यातली शूटिंगची तारीख वगैरे माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी राहते. ताईंचं नशीब चांगलं, त्यांच्या मुलाने सगळं गूगल ड्राइव्हला टाकलेलं होतं. दगडफूल भाजतानाची पूर्ण चार मिनिटांची क्लिप मिळाली.

मग मेसेज. ताईंचा पहिला मसुदा एक पानभर होता. त्यात "लाज वाटली पाहिजे" होतं, "जाहीर माफी" होतं आणि "माझे वकील बघून घेतील" होतं. वकील कुणी नव्हतेच. हे तिन्ही मी काढायला लावलं. माफी मागितली की समोरचा माणूस क्लिप सोडून स्वतःची इज्जत वाचवायला लागतो. आणि बिनबुडाची कायदेशीर धमकी दिली तर त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली समोरचाच आपल्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतो. अकरापैकी आठ रील्स आपल्या नव्हत्याच, हे विसरू नका. तो रेकॉर्ड करून ठेवलेला "चोर" म्हणणारा व्हिडिओ गेला असता तर बदनामीचं लचांड वेगळंच.

शेवटी गेला तो मेसेज असा:

"नमस्कार. तुमच्या पेजवरच्या या दोन रील्समध्ये मी शूट केलेला भाग आहे आणि तिसऱ्या रीलखाली मी लिहिलेला मजकूर आहे. लिंक्स खाली देत आहे, माझ्या मूळ पोस्टच्या लिंक्सही सोबत आहेत. मूळ फाइल्स माझ्याकडे आहेत. कृपया गुरुवारी संध्याकाळपर्यंत हे काढून टाकावं. नाहीतर मला इन्स्टाग्रामकडे तक्रार नोंदवावी लागेल."

एवढंच. आठ रील्सचा उल्लेखही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक रील आणि तो मजकूर गायब झाला. उत्तर काही आलं नाही. दुसरी रील मात्र तशीच राहिली, कदाचित ती बरी चालत होती म्हणून. शुक्रवारी ताईंनी इन्स्टाग्रामच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार केली, फक्त त्या एका रीलची. फॉर्म भरताना दोन गोष्टी बघा. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून घरचा नको, धंद्याचा ईमेल द्या. आणि तुमच्या रीलला सिनेमाचं गाणं लावलं असेल तर दावा फक्त चित्राचा करा, गाणं तुमचं नाही. रागाच्या भरात अकराच्या अकरा लिंका टाकल्या असत्या तर खोट्या दाव्यांमुळे ताईंचंच अकाउंट अडचणीत आलं असतं. यूट्यूबवरही हाच प्रकार. तिथे समोरच्याने उलट दावा केला तर आपल्याला ठरलेल्या मुदतीत कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं. मिठाच्या पुडीइतक्या भांडणासाठी तेवढी तयारी आहे का, हे आधीच ठरवायचं.

ती रील उतरली. पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट व्हिडिओत नव्हतीच. ताई बोलता बोलता सहज म्हणाल्या, "दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, कॉलेज रोडला तुमची दुसरी शाखा निघाली का म्हणून."

मी तिथेच थांबवलं. रील्स सारख्या दिसल्या तर मन दुखतं, पण गिऱ्हाईक एका डब्याला दुसरा डबा समजलं तर विक्री जाते. आणि उद्या तिकडच्या मसाल्याला कुबट वास आला तर शिव्या इकडे. हा कॉपीराइटचा विषय नाही, ट्रेडमार्कचा आहे. नोंदणी नसली तरी, आपल्या नावाने किंवा रूपाने कुणी आपला माल विकत असेल तर त्याविरुद्ध जाता येतं, पण गिऱ्हाइकाचा असा गोंधळ दाखवावा लागतो. ताईंनी ते दोन्ही चॅट जपून ठेवले. हिरव्या झाकणावर भांडण्यात अर्थ नव्हता, तसलं झाकण बाजारात कुणालाही मिळतं. भांडायला हवं असं स्वतःचं काही डब्यावर नव्हतंच. नाव होतं, तेही झाकणाखाली बारीक अक्षरात!

म्हणून त्यांनी आधी सरकारी ट्रेडमार्क पोर्टलवर आपलं नाव कुणी घेतलंय का ते फुकटात शोधलं आणि मग मसाल्यांच्या, म्हणजे ३० नंबरच्या, वर्गात ऑनलाइन अर्ज केला. एकट्या व्यक्तीला एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. ही रक्कम त्या संतापाच्या व्हिडिओपेक्षा शंभरपट कामाची, असं माझं मत. नावापुढे आता टीएम लावलंय. गोल केलेला आर मात्र नोंदणी होईपर्यंत लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

त्या बाईंच्या आठ रील्स अजून आहेत. नवीनही येतात, तशाच कढईच्या. ताई अधूनमधून बघतात आणि मला पाठवतात. मी एकच विचारतो, "कढईला पोचा आहे का?" नसला तर आम्ही पुढच्या ऑर्डरचं बोलतो.